डावीकडचे बुवा

देवळात दीड तासाचं कीर्तन झालं. एका विद्यार्थ्याने ते मिक्सरमधून थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं, दुसऱ्याने कॅमेऱ्यावर चित्रण केलं. रात्री दोन्ही फाइली गटावर पडल्या आणि दोन तऱ्हेच्या तक्रारी सुरू झाल्या. मोबाइल समोर ठेवून ऐकणारे म्हणत, 'बुवांचा आवाज जरा बसलाय का?' हेडफोन लावणारे म्हणत, 'बुवा फक्त डाव्या कानात आहेत, उजवीकडे काहीच नाही.' प्रसंग रचलेला आहे, पण गल्लोगल्ली घडणारा. त्यात दोन वेगवेगळे दोष एकाच फाइलीत शिरले आहेत, आणि दोन्ही पूर्ण दुरुस्त होतात.

आधी डाव्या कानाचं पाहू. मोनो ध्वनिमुद्रणात आवाजाचा एकच प्रवाह असतो. वाजवताना तोच दोन्ही स्पीकरना जातो, म्हणून आवाज समोरून, मधूनच येतो असं वाटतं. स्टिरिओत दोन स्वतंत्र प्रवाह असतात, एक डाव्या स्पीकरसाठी आणि एक उजव्यासाठी. बहुतेक मिक्सर आणि लॅपटॉपला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या पेट्यांमध्ये पहिली खोबण म्हणजे डावा प्रवाह आणि दुसरी म्हणजे उजवा, असा साधा हिशेब असतो. रेकॉर्डिंग स्टिरिओवर ठेवलं आणि माईक एकच, तोही पहिल्या खोबणीत असला, की डावीकडे बुवा येतात आणि उजवीकडे शांतता. यंत्राने काहीच चूक केलेली नसते. दोन प्रवाह मागितले, त्याने दोन दिले.

गंमत अशी की मोबाइलच्या एकाच स्पीकरवर हा दोष कळत नाही. तिथे दोन्ही प्रवाह एकत्र होऊनच बाहेर पडतात. तक्रार येते ती हेडफोनवाल्यांकडून, आणि एकच इअरफोन, तोही उजव्या कानात घालणाऱ्याला तर कीर्तन झालंच नाही असं वाटतं.

एका बाजूचा आवाज हा नेहमीच अपघात नसतो, हेही सांगायला हवं. बीटल्सचा 'प्लीज प्लीज मी' हा पहिला अल्बम लंडनमध्ये 1963 साली दोनच ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला. एका ट्रॅकवर मुख्यतः वाद्यं, दुसऱ्यावर गायन. पुढे दोन्हींचं प्रमाण जुळवून मोनो तबकडी काढता यावी हा त्यामागचा हेतू. पण स्टिरिओ तबकडीत गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला राहिली, आणि आजही हेडफोनवर ती गाणी चमत्कारिक वाटतात.

दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष फाइलीत आहे की ऐकण्याच्या साधनात, हे ठरवायला हवं. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्राम त्यासाठी पुरेसा आहे. फाइल उघडली की स्टिरिओचे दोन पट्टे एकाखाली एक दिसतात. वरचा डावा, खालचा उजवा. खालच्या पट्ट्यात नुसती सरळ रेघ असेल तर दोष फाइलीत आहे. दोन्हीकडे सारख्या लाटा दिसत असूनही एकाच कानात ऐकू येत असेल, तर हेडफोनची पिन अर्धवट बसली आहे, किंवा मोबाइलच्या सेटिंगमधला डाव्या-उजव्याचा तोल कुणीतरी एका टोकाला सरकवला आहे. तिथे फाइलीला हात लावायचं कारण नाही.

आपल्या बुवांच्या फाइलीत खाली सरळ रेघ आहे. अशा वेळी बहुतेक जण 'दोन्ही मिसळून मोनो करा' असा हुकूम सोडतात. बुवा मध्ये येतात खरे, पण आवाज खाली जातो. मिसळताना प्रोग्राम दोन्ही प्रवाहांची सरासरी काढतो. डावीकडचा आवाज अधिक शून्य, भागिले दोन, म्हणजे लाट निम्म्या उंचीची. ध्वनितंत्रज्ञाच्या भाषेत सहा डेसिबलचा तोटा. शिवाय उजवी रेघ दिसायला सरळ असली तरी रिकाम्या खोबणीची बारीक खरखर तिच्यात असू शकते, तीही मिसळते.

सरळ मार्ग वेगळा आहे. ट्रॅकच्या नावाशेजारच्या बाणावर दाबून Split Stereo to Mono निवडायचं. दोन सुटे मोनो ट्रॅक होतात. खालचा रिकामा काढून टाकायचा आणि उरलेला मोनो म्हणून साठवायचा. आवाजाची पातळी आहे तशीच राहते आणि फाइल निम्म्या आकाराची होते. त्याच यादीत Split Stereo Track असंही एक नाव आहे. ते निवडलं तर ट्रॅक सुटे होतात, पण डावा डावीकडेच बांधलेला राहतो. 'सगळं केलं तरी आवाज डावीकडेच' असं म्हणणाऱ्याने बहुधा हेच निवडलेलं असतं.

उजव्या पट्ट्यात पेटी-तबल्याचा माईक असेल, तर मात्र काही पुसायचं नाही. Split Stereo to Mono करून दोन्ही ट्रॅक मध्ये आणायचे, पेटी बुवांवर चढणार नाही इतपत खाली घ्यायची, आणि मग मिसळायचं.

याच्या अगदी उलट दिसणारा एक दोष फार फसवा आहे. हेडफोनवर दोन्ही कानांत आवाज आहे, पडद्यावर दोन्ही पट्ट्यांत लाटा आहेत, पण मोबाइलच्या एकाच स्पीकरवर वाजवलं की बुवा गायब. मिक्सरच्या तीन टाचण्यांच्या वायरीतून कॅमेऱ्याच्या छोट्या स्टिरिओ खोबणीत आवाज घेताना हे घडतं. त्या मोठ्या वायरीत एकच आवाज दोनदा जातो, एकदा सरळ आणि एकदा उलटा, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. वाटेत शिरलेला गोंगाट पुढच्या यंत्राला काढून टाकता यावा, यासाठी ती योजना असते. चुकीच्या जोडणीने सरळ प्रत डाव्या प्रवाहात पडते आणि उलटी उजव्यात. दोघांची बेरीज शून्य, म्हणून एका स्पीकरवर शांतता. ओळखण्याची खूण सोपी आहे. ऑडॅसिटीत लाट पुष्कळ मोठी करून पाहिली की वरचा पट्टा जिथे चढतो तिथेच खालचा उतरताना दिसतो. उपाय वरचाच. एक प्रवाह ठेवायचा, दुसरा टाकायचा. इथे 'मिसळून मोनो' केलं तर सगळं कीर्तन पुसलं जाईल.

आता बसलेला आवाज. संगणक आवाज साठवतो तो ठरावीक अंतराने लाटेची उंची मोजून. एका सेकंदात किती वेळा मोजलं, तो झाला सॅम्पल रेट. सीडीसाठी तो 44100 ठरला. हा विचित्र आकडा आला जुन्या व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवरच साठवत. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला 60 अर्धचित्रं, प्रत्येकात वापरता येणाऱ्या 245 रेघा, आणि रेघेत तीन नमुने. गुणाकार केला की बरोबर 44100. चित्रपट आणि व्हिडिओच्या जगात मात्र 48000 रुळला. सिनेमाच्या 24 चित्रांनी त्याला भागलं की प्रत्येक चित्रामागे पूर्ण 2000 नमुने येतात. 44100 ला भागलं तर अर्धा नमुना उरतो.

दोन आकडे शेजारी नांदतात आणि एरवी भांडत नाहीत. फाइलीच्या सुरुवातीला तिचा सॅम्पल रेट लिहिलेला असतो, वाजवणारा प्रोग्राम तो वाचून स्वतःला जुळवून घेतो. बिघडतं ते लिहिलेला आकडा खोटा असला की. देवळातला डिजिटल मिक्सर 48000 वर चालत होता, लॅपटॉपवरचा प्रोग्राम 44100 वर ठेवलेला. बहुतेक वेळा संगणक अशा वेळी मधल्या मधे रूपांतर करतो किंवा सरळ नकार देतो. या वेळी दोन्ही झालं नाही. सेकंदाला 48000 नमुने आले आणि वर शिक्का बसला 44100 चा. डब्यात रवा आणि चिठ्ठी मैद्याची, तसा हा प्रकार. माल शाबूत आहे, फक्त चिठ्ठी चुकली.

अशी फाइल वाजवताना एका सेकंदाचा आवाज सुमारे 1.09 सेकंदात पसरतो. 90 मिनिटांचं कीर्तन जवळजवळ 98 मिनिटांचं होतं. चित्राशी जोडलं तर पहिल्याच मिनिटाअखेर आवाज सुमारे पाच सेकंद मागे पडलेला असतो. आणि सूर खाली येतो, दीड अर्धस्वराला किंचित कमी. बुवा काळी एक पट्टीत गात असतील, तर त्यांचा षड्ज पांढरी एक आणि तिच्याखालची पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध येऊन पडतो. पेटीवर तिथे पट्टीच नाही. त्यामुळे पेटी घेऊन बसलेल्या माणसाला हा दोष कानाने सापडतो. स्वर जुळवायला जावं तर कुठलीच पट्टी नीट बसत नाही. उलट गफलतीत, म्हणजे खरे नमुने 44100 आणि शिक्का 48000 चा असेल तर, सूर तेवढाच चढतो आणि कीर्तन 83 मिनिटांच्या आतच संपतं.

इथेही चुकीचं बटण जवळच असतं. ऑडॅसिटीत Resample नावाची सोय आहे, पण ती चिठ्ठी खरी मानून आतला माल बदलते. आवाज बसलेलाच राहतो, फक्त नव्या आकड्याने साठवला जातो. हवं ते ट्रॅकच्या बाणाखालचं Rate. तिथे 44100 ऐवजी 48000 निवडलं की एकही नमुना न बदलता फक्त वाचण्याचा वेग बदलतो. पट्टा जागच्या जागी आखडून 90 मिनिटांचा होतो आणि बुवा काळी एकवर परततात. पुढे फाइल साठवताना बाहेर काढायचा रेटही 48000 ठेवायचा, कारण व्हिडिओला तोच लागतो.

टंकलेल्या आज्ञांची सवय असलेल्यांना दोन्ही कामं एका ओळीत होतात. ffmpeg या मोफत साधनाला सांगायचं की पहिला प्रवाह घे, मोनो कर आणि शिक्का बदल:

```
ffmpeg -i kirtan.wav -af "pan=mono|c0=c0,asetrate=48000" -ar 48000 kirtan_mono.wav
```

दुरुस्तीनंतरही दीड तासाच्या शेवटी ओठ आणि शब्द यांत पाव-अर्ध्या सेकंदाची तफावत उरली, तर तो सॅम्पल रेटचा गोंधळ नव्हे. कॅमेरा आणि लॅपटॉप यांची घड्याळं वेगवेगळी असतात आणि दोन्ही एकमेकांपासून किंचित हटतात. दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असला तरी 90 मिनिटांत तो पाव सेकंदापर्यंत जातो. अशा वेळी चित्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी कुणीतरी वाजवलेली टाळी दोन्हीकडे शोधायची आणि त्यानुसार आवाजाची लांबी अगदी थोडी ताणायची किंवा आखडायची. फरक मिनिटांचा असेल तर Rate, सेकंदाच्या अंशांचा असेल तर टाळी.

पुढच्या कीर्तनाआधी रेकॉर्डिंग करणाऱ्याने मिक्सर आणि लॅपटॉपवरचा आकडा एकच आहे ना, ते पाहावं, अर्ध्या मिनिटाचा नमुना घ्यावा, तो एकदा हेडफोनवर आणि एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकावा, आणि दुरुस्त प्रत गटावर टाकली तरी मूळ फाइल पुसू नये.