शंभर किलोचे साडेचार टन कसे होतात?

वर्कशॉपच्या पोटमाळ्याखाली एक लोखंडी गर्डर आहे. बाजारात ज्याला आयएसएमबी २०० म्हणतात तो, म्हणजे २०० मिलिमीटर उंचीचा. दोन्ही टोकं भिंतींवर टेकलेली, मधलं अंतर ४ मीटर. त्याच्या बरोबर मध्यावर १०० किलोची मोटर अलगद ठेवली, तर तो सुमारे ०.३ मिलिमीटर वाकतो. डोळ्यांना हा बाक दिसणारही नाही. पोलादात निर्माण होणारा ताण दर चौरस मिलिमीटरला साडेचार न्यूटनच्या आसपास. साधं बांधकामाचं पोलाद कायमचं वाकायला लागतं ते २५० न्यूटनला. म्हणजे गर्डरच्या दृष्टीने ही मोटर असून नसल्यासारखी.

आता समजा, मोटर बसवताना चेन पुलीची साखळी घसरली आणि ती फूटभर उंचीवरून, म्हणजे ३० सेंटिमीटरवरून, गर्डरच्या मध्यावर आदळली. मोटरचं वजन तेच, गर्डरही तोच. पण पहिल्या हिशेबाने बाक येतो १३ ते १४ मिलिमीटर आणि ताण दोनशेच्या पुढे. स्थिर वजनाच्या भाषेत बोलायचं तर त्या क्षणी गर्डरच्या मध्यावर साडेचार टन ठेवल्यासारखं झालं.

हे साडेचार टन आले कुठून? बहुतेक जण म्हणतील, वेगातून. ते अर्धंच खरं आहे. गर्डरला स्पर्श करताना मोटरचा वेग सेकंदाला जेमतेम अडीच मीटर असतो, भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त. आदळण्याचा जोर ठरतो तो हा वेग किती अंतरात शून्यावर आणला जातो यावर, आणि ते अंतर ठरवतो गर्डर. तो जितका कमी वाकेल, तितक्या थोड्या जागेत त्याला मोटर थांबवावी लागते आणि तितकाच मोठा जोर लावावा लागतो. म्हणून ‘मोटर किती जोराने आदळली’ या प्रश्नाला एकट्या मोटरकडे उत्तरच नसतं.

हिशेब उर्जेचा आहे आणि तो समजायला सोपा आहे. मोटर उंचीवरून खाली येते आणि गर्डर वाकतो तितकी आणखी खाली जाते. या सगळ्या अंतरात गुरुत्वाकर्षणाने केलेलं काम गर्डरला साठवावं लागतं. गर्डर स्प्रिंगसारखा वागतो: जितका बाक, तितका विरोध. विरोध शून्यापासून वाढत जातो, त्यामुळे साठलेली ऊर्जा शेवटचा जोर गुणिले बाक याच्या निम्मी असते. ही दोन्ही बाजूंची बरोबरी मांडली की एक वर्गसमीकरण येतं, आणि त्यातून आघातगुणक, म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, असा निघतो:

आघातगुणक = १ + √(१ + २ × पडण्याची उंची ÷ स्थिर बाक)

स्थिर बाक म्हणजे तेच वजन अलगद ठेवल्यावर येणारा बाक. आपल्या गर्डरसाठी उंची ३०० मिलिमीटर आणि स्थिर बाक ०.३, म्हणून वर्गमुळाखाली २००१ येतात, वर्गमूळ ४४.७ आणि गुणक जवळजवळ ४६. बाक आणि ताण दोन्ही या गुणकाने वाढतात.

या सूत्रात उंचीच्या जागी शून्य घालून पाहावं. मोटर गर्डरला नुसती टेकलेली आहे, सगळं वजन अजून साखळीवर आहे, आणि साखळी एकदम सुटली. पडणं असं नाहीच. तरी गुणक येतो २. मोटर स्थिर बाकाच्या जागी पोचते तेव्हा ती चालती असते, तिथे थांबत नाही. तेवढंच आणखी खाली जाऊन मग परतते. भाजीवाल्याच्या स्प्रिंगच्या काट्यावर बटाटे एकदम सोडले की काटा आधी पुढे झेपावतो आणि मग मागे येऊन स्थिरावतो, तसंच हे. आपल्याकडच्या आयएस ८७५ या मानकात लिफ्ट आणि हॉइस्ट पेलणाऱ्या सांगाड्यासाठी भार १०० टक्क्यांनी वाढवून, म्हणजे दुप्पट धरायला सांगितलं आहे. शून्य उंचीचा गुणकही दोनच, हे लक्षात ठेवलं की त्या आकड्याचा आवाका समजतो. एकदम आलेला भार त्यात बसतो, साखळी तुटून पडलेला भार बसत नाही.

साइटवर खरी फसगत होते ती लहान उंचीच्या बाबतीत. ३ मिलिमीटरवरून, म्हणजे दोन-तीन नाण्यांच्या जाडीइतक्या उंचीवरून मोटर सुटली, तरी या ताठ गर्डरवर गुणक साडेपाचच्या वर जातो. उलट ३० सेंटिमीटरचे ६० केले, तर गुणक दुप्पट होत नाही. ४६चा ६४ होतो. पहिल्या काही मिलिमीटरमध्येच बरंच काही घडून गेलेलं असतं. ‘जरासंच तर सोडलंय’ हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही.

आता या हिशेबातली एक खोट. त्यात गर्डरला वजनच नाही असं धरलं आहे. प्रत्यक्षात या गर्डरचं वजन मीटरला सुमारे २५ किलो, म्हणजे ४ मीटरला १०० किलो, मोटरइतकंच. मोटर आदळते तेव्हा तिला आधी हे निवांत पडलेलं लोखंड आपल्यासोबत चालतं करावं लागतं आणि त्या धडकेत बरीच ऊर्जा जागच्या जागी खर्च होते. पण सगळा गर्डर सारख्या वेगाने हलत नाही: मध्य सर्वांत जास्त, टोकं जवळजवळ नाहीच. मग त्याचं वजन किती धरायचं?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये एका अपघातानंतर ऐरणीवर आला. २४ मे १८४७ रोजी चेस्टरजवळ डी नदीवरचा, रॉबर्ट स्टीफन्सनने रचलेला ओतीव लोखंडाचा रेल्वे पूल गाडीखाली मोडला आणि पाच जणांचा जीव गेला. रेल्वेच्या बांधकामात लोखंड कसं वापरावं हे तपासायला आयोग नेमला गेला. त्यासाठी ईटन हॉजकिन्सन यांनी लंबकासारखे झुलणारे जड गोळे लोखंडी पट्ट्यांवर आदळवून बाक मोजले. त्यांना असंही आढळलं की पट्टीवर आधीच थोडं वजन पसरून ठेवलं असेल, तर ती मोठा आघात सोसते. वरवर उफराटं वाटणारं हे निरीक्षण जडत्वाचंच आहे. या प्रयोगांना हिशेबात बसवलं होमरशॅम कॉक्स यांनी, १८४९च्या सुमारास. आघाताच्या वेळी तुळई स्थिर भाराखाली वाकते त्याच आकारात वाकते असं धरून त्यांनी दाखवलं की दोन टोकांवर टेकलेल्या तुळईच्या वजनाचा ३५ पैकी १७ भाग, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी, मध्यावर असल्यासारखा धरावा.

आपल्या गर्डरचे असे सुमारे ४९ किलो मोटरच्या वाट्याला येतात. सूत्रातल्या उंचीच्या पदाला १.४९ने भागलं की गुणक ४६वरून ३८च्या खाली येतो, बाक ११ मिलिमीटर आणि ताण १६८ न्यूटन. हा सगळा वाकण्याचा प्रकार सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात आटोपतो. साडेचार टनांचे आता पावणेचार टन झाले. गर्डर वाचला असं दिसतं. पण त्याच्यावर पोटमाळ्याचा आणि इतर यंत्रांचा ताण आधीपासून असेल, तर तो यात मिळवायचा असतो, आणि मग २५०ची रेघ फार लांब राहत नाही.

अशा वेळी मालक विचारतो, गर्डर आखूड करू का, मधे खांब देऊ का? स्थिर भारासाठी उत्तर सरळ आहे: आखूड गर्डरवर ताण कमी. आघातात ते उलटं पडतं. हाच गर्डर ८ मीटर लांब असता, तर स्थिर ताण दुप्पट झाला असता, पण स्थिर बाक आठपट होऊन सुमारे २.४ मिलिमीटर. गुणक ४६वरून १७ वर उतरतो. वजनाची दुरुस्ती न धरता तुलना केली तर ताण २०४ ऐवजी १५१. ऊर्जा साठवायला लोखंड जास्त मिळालं, म्हणून प्रत्येक कणावरचा बोजा हलका झाला. अर्थात यासाठी कोणी गर्डर लांबवत नाही, कारण रोजचा भार स्थिरच असतो आणि लांब गर्डरखाली जमीन हादरल्यासारखी वाटते.

व्यवहारातला उपाय टोकांखाली मऊ आधार देणं हा आहे. दोन्ही टोकांखाली अशा स्प्रिंगा बसवल्या की मोटरच्या स्थिर वजनाने त्या ३ मिलिमीटर दबतील. स्थिर बाक आता एकूण ३.३. गर्डरचं वजन बाजूला ठेवलं तर गुणक साडेचौदा, आणि गर्डरमधला ताण २०४वरून ६५. मात्र एक अट पाळावी लागते, आणि ती नेमकी विसरली जाते: या स्प्रिंगा आघातात साधारण ४३ मिलिमीटर दबणार, तेवढी मोकळी जागा त्यांना हवी. वीस मिलिमीटरवरच वेटोळी एकमेकांना टेकली, तर उरलेला वेग घेऊन गर्डर पुन्हा कडक आधारावर आपटतो.

हे सूत्र चालतं तोवरच, जोवर गर्डर वाकून पूर्ण परत येतो. २५०ची रेघ ओलांडली की पोलाद कायमचं ताणलं जातं, त्यात बरीच ऊर्जा जिरते आणि काढलेला ताण खरा राहत नाही. पोलादाचा हा चांगुलपणाच आहे. ओतीव लोखंडात तो नाही, ते सरळ तडकतं. सूत्र आणखी एका ठिकाणी लंगडं पडतं: हलकी वस्तू प्रचंड वेगाने जड तुळईवर आली, की तुळई एकसंध वाकायच्या आधीच धक्क्याच्या लाटा तिच्यातून धावतात आणि नुकसान जागेवरच होतं.

असा अपघात घडल्यावर गर्डरची तपासणी मोटर उचलल्यानंतरच करावी. खालच्या पाकळीलगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाइनदोरी ताणली, की मध्यावर राहिलेली फट कायमचा बाक सांगते; गर्डरला मुळातला बाक किती होता हे शेजारच्या, मार न बसलेल्या गर्डरशी ताडून पाहावं. मध्याच्या खालच्या पाकळीवरचा रंग किंवा भट्टीतली पापडी बारीक आडव्या रेघांनी सुटली असेल, तर तिथे पोलाद ताणलं गेलंय. मोटर पडली तिथली वरची पाकळी दबलीय का आणि तिच्या खालचा उभा पत्रा एका बाजूला फुगलाय का, हे हाताने चाचपून कळतं. मग टोकांचे बोल्ट पाहावेत. खाली गेलेला गर्डर तितक्याच तडफेने वर उसळतो, आणि बोल्ट नसलेली टोकं भिंतीवरच्या बैठकीवरून उचलली जाऊन पुन्हा आदळतात. तिथलं सिमेंट फुटलेलं आणि टोक जागचं सरकलेलं दिसतं, तेव्हा गर्डर सरळ असला तरी त्याच्यावर माल ठेवण्याआधी बैठक नव्याने करावी लागते.