प्रबंध शोधगंगेत जाताना: एक पत्र आणि काही पक्के गैरसमज

आज पीएच.डी. करणाऱ्याला प्रबंध शोधगंगेत द्यावा की नाही, हा विचार करायची मुभाच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या आणि नंतरच्या २०२२ च्या नियमावलीनुसार, मूल्यमापन पार पडल्यावर आणि पदवी जाहीर होण्याआधी विद्यापीठाने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे द्यायची असते. शोधगंगा हे त्याच केंद्राचं भांडार. २००९ च्या नियमावलीतही सॉफ्ट कॉपी देण्याचं कलम होतं, पण तिथे ती पदवी जाहीर झाल्यानंतर तीस दिवसांत द्यायची होती.

अडचण आहे ती त्याआधीच्यांची. २००५-०६ साली मराठीत प्रबंध लिहिलेल्या माणसाची बांधीव प्रत ग्रंथालयात आहे, फाइल एखाद्या जुन्या सीडीवर आहे, आणि आता कोणी विद्यार्थी विचारतो, "सर, तुमचा प्रबंध शोधगंगेवर का दिसत नाही?" मग ग्रंथालयात विचारणा होते आणि तिथून साचेबंद उत्तर येतं: नियमानुसार फाइली आणि मेटाडेटा तयार करा, सोबत पत्र द्या. इथपासून गैरसमज सुरू होतात.

गैरसमज: शोधगंगेवर खातं काढून प्रबंध आपणच चढवायचा.

तसं होत नाही. शोधगंगेचा करार इन्फ्लिबनेट आणि विद्यापीठ यांच्यात असतो. प्रबंध चढवण्याचा अधिकार विद्यापीठाने नेमलेल्या समन्वयकाकडे असतो आणि तो बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातच बसतो. म्हणून पत्र गांधीनगरला नव्हे, आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालांना लिहायचं. ते निव्वळ विनंतीपत्रही नसतं. फाइलीत आहे तोच मजकूर परीक्षकांनी मंजूर केला होता, असं लेखी सांगणारा दुसरा कागद ग्रंथालयाकडे नसतो. तारखा विद्यापीठाच्या दप्तरात सापडतात. ही हमी मात्र फक्त संशोधकच देऊ शकतो.

गैरसमज: पीडीएफ उघडली, मराठी नीट दिसलं, म्हणजे काम झालं.

हा सगळ्यात महागात पडणारा समज. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी प्रबंध श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप झालेले आहेत. या फॉन्टांत इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. वाचणाऱ्याला मराठी दिसतं, यंत्राला इंग्रजी अक्षरं मिळतात. पीडीएफमधली एखादी ओळ निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. कृतिदेवमधला 'मराठी' हा शब्द तिथे `ejkBh` असा उतरतो आणि 'कोकण' `dksd.k` असा. असा प्रबंध भांडारात गेला तर तो असूनही नसल्यासारखा: 'कोकण' शोधणाऱ्याला त्यातलं एकही पान सापडणार नाही. साम्यतपासणीच्या सॉफ्टवेअरलाही हा मजकूर कशाशीच जुळताना दिसत नाही, त्यामुळे तिथला शून्याजवळचा आकडा पाहून कोणी हुरळून जाऊ नये.

फॉन्ट कोणता आहे हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. ही आज्ञा फाइलमधल्या सगळ्या फॉन्टांची नावं दाखवते:

```
pdffonts prabandh.pdf
```

गैरसमज: मग सगळा मजकूर कन्व्हर्टरमधून काढून युनिकोड करावा.

ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या फॉन्टांत अक्षरं ज्या क्रमाने दिसतात त्याच क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात. 'शक्ति' हा शब्द कृतिदेवमध्ये `'kfDr` असा असतो. त्यातला `f`, म्हणजे पहिली वेलांटी, अर्ध्या क-वरून आणि त-वरून उडी मारून शेवटी जायला हवी. 'धर्म' म्हणजे `/keZ`. इथे रफार म-नंतर आहे, तो म-च्या आधी यायला हवा. चांगले कन्व्हर्टर हे बऱ्यापैकी सांभाळतात. हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले काही मात्र आपल्या ऱ्य-पाशी अडखळतात. कोकणातल्या लोकनाट्यावरच्या प्रबंधात 'दऱ्या'चा 'दर्या' झाला, तर दरीच्या जागी समुद्र येतो आणि वाक्य व्याकरणाने शुद्धही राहू शकतं. शुद्धलेखन तपासनीसाला त्यात काही खटकत नाही. चारशे पानांत अशा जागा शोधायच्या तर सगळा प्रबंध मूळ प्रतीशी ओळ-ओळ ताडून पाहावा लागतो. शिवाय फॉन्ट बदलला की पानं सरकतात. ज्यांनी या प्रबंधातला पृष्ठ १८७ चा संदर्भ आपल्या लेखात दिला आहे, त्यांचा संदर्भ चुकीचा ठरतो.

माझ्या मते सरळ मार्ग मधला आहे: पान जसं आहे तसंच ठेवायचं आणि त्याच्यामागे शोधता येईल असा युनिकोड मजकुराचा अदृश्य थर घालायचा. ओसीआरने हे होतं:

```
ocrmypdf --force-ocr -l mar+eng prabandh.pdf prabandh_ocr.pdf
```

यातला `--force-ocr` महत्त्वाचा. तो नसेल तर पानांवर आधीच मजकूर आहे हे पाहून प्रोग्राम काम थांबवतो. त्याला कळत नाही की तो मजकूर `ejkBh` आहे. हा पर्याय दिला की प्रत्येक पानाचं चित्र होतं, जुना मजकूर जातो आणि ओळखलेला मराठी मजकूर चित्रामागे बसतो. फाइल फुगते, आणि ओसीआर जोडाक्षरांत चुका करतंच. पण त्या चुका शोधापुरत्या राहतात. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर परीक्षकांनी पाहिलेलं पानच असतं. फाइलच उरली नसेल तर बांधीव प्रत स्कॅन करून हीच आज्ञा चालवायची. स्कॅन ३०० डीपीआयपेक्षा कमी नको.

गैरसमज: फाइली नव्याने करतोच आहोत, तर चार चुकाही दुरुस्त करू.

हा मोह प्रत्येकाला होतो, आणि तो आवरावाच लागतो. पदवी त्या मजकुराला मिळाली आहे, त्यातल्या चुकांसकट. मुद्रणदोष किंवा चुकलेलं साल आढळलं तर वेगळं शुद्धिपत्र करून द्यावं, ते परिशिष्टात लावायचं की नाही हे ग्रंथालय ठरवेल. परिशिष्टं मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावीत. त्या काळच्या कितीतरी प्रबंधांत मुलाखती दिलेल्यांची नावं, पत्ते आणि फोन नंबर जोडलेले असतात. कपाटातल्या बांधीव प्रतीत ते कोणाच्या नजरेला पडत नव्हतं, आता कोणालाही घरबसल्या दिसेल. तेवढा भाग झाकायचा आणि झाकला आहे हे पत्रात लिहायचं. झाकायचं ते ओसीआर करण्याआधी. नंतर वरून काळी पट्टी मारली तर खालचा मजकूर तसाच शोधात येतो.

नियमानुसार प्रबंध एका अखंड फाइलीत न देता प्रकरणवार द्यायचा असतो: `01_title.pdf`, मग सुरुवातीची पानं, अनुक्रमणिका, सारांश, त्यानंतर एकेक प्रकरण, शेवटी परिशिष्टं, आणि शीर्षकपान व निष्कर्ष एकत्र केलेली `80_recommendation.pdf`. नेमकी नावं ग्रंथालयाच्या तक्त्यातून उतरवून घ्यावीत. कापताना हमखास होणारी चूक म्हणजे छापील पृष्ठांक वापरणं. सुरुवातीची पानं बारा असतील तर छापील पृष्ठ १ हे पीडीएफमधलं तेरावं पान असतं:

```
qpdf prabandh_ocr.pdf --pages . 13-52 -- 05_chapter1.pdf
```

गैरसमज: मेटाडेटा म्हणजे कारकुनी रकाने, ते ग्रंथालयवाले भरतील.

भरतात. पण समोर असेल त्यावरून भरतात. शीर्षक पदवीच्या अधिसूचनेत आहे तसंच, देवनागरी युनिकोडमध्ये द्यावं, कृतिदेवमधून चिकटवू नये. रोमन लिपीतलं किंवा इंग्रजी शीर्षक पर्यायी शीर्षकाच्या रकान्यात जाऊ शकतं. नाव आडनावापासून सुरू होतं आणि ते पदवीवर आहे तेच हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या संशोधिकांनी आजचं नाव पत्रात नमूद करावं, रकान्यात पदवीचंच ठेवावं. सारांश हा एकच भाग मी हाताने पुन्हा टाइप करायला सांगेन. ती दोन पानं सगळ्यात जास्त शोधली जातात आणि तिथे ओसीआरची चूक परवडत नाही.

गैरसमज: शोधगंगेत दिलं की हक्क गेले, पुस्तक काढता येणार नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लेखकच असतो आणि प्रबंध भांडारात ठेवायला परवानगी दिल्याने मालकी हस्तांतरित होत नाही. शोधगंगेतले प्रबंध क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली असतात, त्यात श्रेय देणं बंधनकारक आहे आणि व्यापारी वापराला मुभा नाही. पुस्तक निघू शकतं. पण प्रकाशकाशी करार आधीच झाला असेल आणि त्यात सगळे हक्क दिलेले असतील, तर आधी त्याची लेखी संमती घ्यावी.

आता पत्र. प्रबंधाचं शीर्षक उदाहरणादाखल घेतलं आहे.

प्रति,
मा. ग्रंथपाल,
विद्यापीठ ग्रंथालय.

मार्फत: विभागप्रमुख, मराठी विभाग

विषय: पीएच.डी. प्रबंध शोधगंगा भांडारात समाविष्ट करण्याबाबत.

महोदय/महोदया,

'दक्षिण कोकणातील लोकनाट्य: संहिता आणि सादरीकरण' या माझ्या प्रबंधास विद्यापीठाने २००६ साली पीएच.डी. पदवी प्रदान केली आहे. अधिसूचनेची प्रत सोबत जोडली आहे. हा प्रबंध शोधगंगेत समाविष्ट करावा, ही विनंती.

सोबतच्या पेन ड्राइव्हमध्ये आपल्या तक्त्यानुसार नावे दिलेल्या प्रकरणवार पीडीएफ फाइली व मेटाडेटाचा भरलेला नमुना आहे. मूळ मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असल्याने पानांची चित्रे कायम ठेवून ओसीआरचा थर जोडला आहे. मजकूर व पृष्ठांक मंजूर प्रतीप्रमाणेच आहेत. केवळ परिशिष्ट २ मधील मुलाखतदात्यांचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक झाकले आहेत. कोणत्याही फाइलीला पासवर्ड नाही.

प्रबंधाचे हक्क माझ्याकडे आहेत व तो सर्वांसाठी खुला करण्यास माझी संमती आहे. फाइलींत त्रुटी आढळल्यास कृपया कळवावे, त्या दुरुस्त करून देईन. प्रबंध उपलब्ध झाल्यावर त्याचा कायमस्वरूपी दुवा कळवावा.

आपला/आपली,
(सही, पदवीवरील नाव, सध्याचा संपर्क)

पत्राची एक प्रत आवक शिक्क्यासह आपल्याकडे ठेवावी. प्रबंध चढला की `10603` ने सुरू होणारा हँडल क्रमांक मिळतो, आणि संदर्भ देताना ब्राउझरच्या पट्टीतला पत्ता न देता तोच द्यायचा. दुवा हाती आल्यावर सगळ्या फाइली उघडून पाहाव्यात, प्रकरणांचा क्रम लागला आहे ना हे बघावं, आणि एका प्रकरणातली ओळ पुन्हा नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. काही बिघडलं असेल तर दुरुस्तीही समन्वयकामार्फतच होते, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात कळवलेलं बरं.