ड्राइव्हची किल्ली कोणाकडे?

सिडकोतल्या एका वाचकाची शंका: सातबाऱ्याचा स्कॅन गूगल ड्राइव्हवर ‘Restricted’ करून ठेवला, आता कंपनीतलं कोणी तो पाहू शकतं का?

तांत्रिकदृष्ट्या, हो. या सेटिंगने अडतात ते बाहेरचे लोक. ‘Anyone with the link’ असतं, तर लिंक मिळालेल्या कोणालाही फाइल उघडता आली असती. सर्व्हरवर ती एन्क्रिप्ट असते खरी, पण साध्या खात्यात किल्ली कंपनीकडेच राहते. कर्मचाऱ्यांना अडवतात ते कंपनीचे नियम, तुमचं सेटिंग नव्हे. कायदेशीर आदेश आला, तर कंपनी फाइल उघडून देऊ शकते.

किल्ली कोणाकडे आहे, हे ओळखायची खूण सोपी आहे. विसरलेला पासवर्ड नुसत्या ओटीपीवर बदलून जुन्या फाइली दिसल्या, तर किल्ली एकट्या तुमच्याकडे नाही.

कंपनीला फाइल उघडता यायला नको असेल, तर सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड घालून मगच फाइल चढवा. तो पासवर्ड विसरलात, तर मात्र गूगलही काही करू शकत नाही.