न संपणारा फोल्डर

मेमरी कार्डावरच्या फोल्डरची लांबी कुठेही लिहून ठेवलेली नसते. फाइलची असते. फोटो किती बाइटचा आहे ते त्याच्या नावाशेजारीच नोंदलेलं असतं, म्हणून वाचणाऱ्याला कुठे थांबायचं ते आधीच माहीत असतं. फोल्डरच्या बाबतीत मात्र लांबीच्या जागी नुसतं शून्य असतं. तो कुठे संपतो हे कळायला एकच मार्ग उरतो : शेवट येईपर्यंत वाचत जायचं. आणि शेवट आलाच नाही तर?

बत्तीस जीबीपर्यंतच्या बहुतेक कार्डांवर आणि पुष्कळशा पेन ड्राइव्हवर फॅट-३२ नावाची मांडणी असते. तिच्यात सगळी जागा सारख्या आकाराच्या तुकड्यांत वाटलेली असते. त्या तुकड्यांना क्लस्टर म्हणतात, आणि प्रत्येकाला क्रमांक असतो. एका क्लस्टरमध्ये मावत नाही ते दुसऱ्यात, मग तिसऱ्यात जातं. हे क्लस्टर शेजारी-शेजारीच असतील असं नाही, म्हणून कार्डाच्या सुरुवातीला एक मोठा तक्ता ठेवलेला असतो. त्यात प्रत्येक क्लस्टरसाठी एक रकाना असतो आणि त्या रकान्यात ‘याच्यानंतर कुठे जायचं’ एवढाच क्रमांक लिहिलेला असतो. शेवटच्या क्लस्टरच्या रकान्यात क्रमांकाऐवजी समाप्तीची खूण असते. संगणकशास्त्रात अशा रचनेला लिंक्ड लिस्ट म्हणतात. प्रत्येक घटकाला फक्त आपल्या पुढचा ठाऊक असतो. मागे कोण आहे आणि एकूण किती आहेत, हे कोणालाच ठाऊक नसतं.

आता एक फोल्डर घेऊ. तो ५ क्रमांकाच्या क्लस्टरपासून सुरू होतो आणि तक्ता पाहत गेलं तर असा पुढे सरकतो :

```
5 → 9 → 12 → 7 → 20 → 33 → 14 → 21 → 7
```

२१च्या रकान्यात खरं तर ४० असायला हवं होतं. तक्ता लिहिला जात असतानाच कार्ड ओढून काढलं किंवा वीज गेली, कार्डाची चिप झिजली, अशा एखाद्या कारणाने तिथे ७ उमटलं. एकच रकाना चुकला, पण त्यामुळे वाचणारा २१वरून पुन्हा ७वर येतो आणि २०, ३३, १४, २१ असा फिरतच राहतो. फोल्डरमधल्या नावांची यादी संपल्याची खूण ४०मध्ये होती आणि तिथपर्यंत तो कधीच पोहोचत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याने या शक्यतेचा विचार केला नसेल तर यादीत तीच ती नावं पुन्हा पुन्हा येत राहतात, नाहीतर यंत्र नुसतं गोठून बसतं.

सरळ उपाय कोणालाही सुचेल : जिथे जाऊन आलो तिथे खूण करून ठेवायची. खूण केलेला क्लस्टर पुन्हा भेटला की चक्र सापडलं. उपाय बिनचूक आहे, फक्त खुणा ठेवायला जागा लागते. ३२ जीबीच्या कार्डावर ३२ किलोबाइटचा एक क्लस्टर धरला तर दहा लाखांहून थोडे अधिक क्लस्टर होतात. प्रत्येकासाठी एकच बिट वापरला तरी सव्वाशे किलोबाइटच्या आसपास मेमरी हवी. संगणकाला हे काहीच नाही. पण आर्डुइनो उनोसारख्या छोट्या बोर्डावर कार्ड जोडून तापमानाच्या नोंदी ठेवायच्या असतील, तर त्या बोर्डाकडे सगळी मिळून २ किलोबाइट रॅम असते, आणि तिच्यातला पाव भाग, म्हणजे ५१२ बाइट, कार्डाचा एक सेक्टर वाचण्यातच जातो. तिथे सव्वाशे किलोबाइट आणायचे कुठून?

इथे उपयोगी पडते ती दोन पॉइंटरची रीत. पॉइंटर म्हणजे या उदाहरणात नुसता एक क्लस्टर क्रमांक, म्हणजे चार बाइट. दोन पॉइंटर एकाच जागेवरून, ५वरून, निघतात. एक दर फेरीला एक पाऊल टाकतो, दुसरा दोन. प्रोग्रामर त्यांना कासव आणि ससा म्हणतात. साखळीला शेवट असेल तर ससा आधी तिथे पोहोचतो आणि प्रश्न मिटतो. शेवट नसेल तर दोघं कधीतरी एकाच क्लस्टरवर येतात.

आपल्या फोल्डरवर हे करून पाहू. पहिल्या फेरीनंतर कासव ९वर आणि ससा १२वर. दुसऱ्या फेरीनंतर कासव १२वर, ससा २०वर. तिसऱ्या फेरीत कासव ७वर येतं, म्हणजे चक्रात शिरतं. ससा तेव्हा १४वर असतो. चौथ्या फेरीत कासव २०वर आणि ससा १४वरून २१ ओलांडून ७वर. पाचव्या फेरीत कासव ३३वर, आणि ससाही ७वरून २० मागे टाकून ३३वर. भेट झाली, म्हणजे साखळीत चक्र आहे.

ही भेट होणारच, योगायोगावर काही अवलंबून नाही. तिसऱ्या फेरीकडे पुन्हा पाहा. कासव ७वर, ससा १४वर. चक्रात फिरताना सशाला कासव गाठायला दोन पावलं कमी पडतात : १४ ते २१ आणि २१ ते ७. पुढच्या फेरीत ससा दोन पावलं जातो, कासव एक, म्हणजे अंतर बरोबर एकने घटतं. दोनाचं एक, एकाचं शून्य. अंतर दर वेळी एकानेच घटत असल्यामुळे ससा कासवावरून उडी मारून पुढे निघून जाऊच शकत नाही. चक्र कितीही मोठं असलं तरी कासव त्यात शिरल्यावर एक पूर्ण प्रदक्षिणा घालायच्या आत ते पकडलं जातं.

चक्र आहे एवढं कळून काम भागत नाही, चूक कुठे आहे ते हवं. मला या रीतीतला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो. भेट झाल्यावर एक पॉइंटर पुन्हा सुरुवातीला, ५वर, न्यायचा. दुसरा ३३वरच ठेवायचा. आता दोघांनी एकेकच पाऊल टाकायचं. पहिला ९वर, दुसरा १४वर. पहिला १२वर, दुसरा २१वर. पहिला ७वर, दुसराही ७वर. चक्राचं तोंड सापडलं.

यामागचं कारण असं. भेटीपर्यंत कासव ५ पावलं चाललं होतं आणि ससा १०. दोघं एकाच जागी असतील तर सशाची जास्तीची पावलं चक्राच्या पूर्ण फेऱ्यांतच गेलेली असणार. ती जास्तीची पावलं कासवाच्या पावलांइतकीच असतात, कारण दुप्पट वजा एकपट म्हणजे एकपट. म्हणजे सुरुवातीपासून भेटीच्या जागेपर्यंतचं अंतर चक्राच्या लांबीच्या पटीत असतं. मग सुरुवातीवरून निघालेला आणि भेटीच्या जागेवरून निघालेला, दोघांमधला फरक फक्त पूर्ण फेऱ्यांचा उरतो. पहिला चक्राच्या तोंडाशी पोहोचला की दुसराही तिथेच असायला हवा.

तोंड ७ आहे म्हटल्यावर ७कडे बोट दाखवणारे दोन रकाने उरतात : १२ आणि २१. धड तक्त्यात एका क्लस्टरकडे दोन रकाने कधीच बोट दाखवत नाहीत. पूर्ण तक्त्यात एकच चूक झाली असेल तर ती २१चीच, कारण १२चा रकाना बदलला तरी चक्र तसंच राहतं.

प्रोग्राममध्ये पहिला टप्पा एवढाच :

```c
slow = fast = start;
for (;;) {
    fast = next(fast);
    if (is_end(fast)) return 0;
    fast = next(fast);
    if (is_end(fast)) return 0;
    slow = next(slow);
    if (slow == fast) return 1;
}
```

सशाच्या प्रत्येक पावलानंतर शेवट तपासला आहे, दोन पावलांनंतर एकदाच नव्हे. पहिलं पाऊल समाप्तीच्या खुणेवर पडलं आणि आपण ती खूणच क्लस्टरचा क्रमांक समजून पुढे वाचायला गेलो, तर भलतीच जागा वाचली जाते. तक्ता बिघडलेला असल्यामुळे शून्य किंवा कार्डावर नसलेला क्रमांकही येऊ शकतो. तोही इथेच अडवायला हवा.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. दोघं सुरुवातीला एकाच जागी असतात, म्हणून चालण्याआधीच तुलना केली तर भेट लगेच झाल्यासारखी दिसते. हे टाळायला काहीजण सशाला एक पाऊल पुढे, ९वर, उभं करतात. पहिला टप्पा तरीही चालतो : चार फेऱ्यांनंतर दोघं २०वर भेटतात. पण आता भेटीचं अंतर चक्राच्या पटीपेक्षा एकाने कमी आहे. दुसऱ्या टप्प्यात एक ५वरून आणि दुसरा २०वरून निघाला की ९ आणि ३३, १२ आणि १४, ७ आणि २१, २० आणि ७ अशा जोड्या येतात. पुढेही तेवढंच एका पावलाचं अंतर कायम राहतं. चक्र शोधणारा प्रोग्राम स्वतःच कायमचा फिरत बसतो.

ही रीत रॉबर्ट फ्लॉइड यांच्या नावाने ओळखली जाते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९६९ साली आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात, यादृच्छिक संख्या तयार करण्याच्या प्रकरणात, ती फ्लॉइड यांची म्हणून दिली. फ्लॉइड यांच्या १९६७च्या ज्या निबंधाचा हवाला नेहमी दिला जातो, त्यात मात्र ती नाही.

प्रत्यक्ष कार्डावर तिला एक अडचण येते. तक्ता ५१२ बाइटच्या सेक्टरांत वाचला जातो आणि एका सेक्टरमध्ये १२८ रकाने मावतात. कासव एका सेक्टरमध्ये आणि ससा दूरच्या सेक्टरमध्ये असेल, तर एकच सेक्टर ठेवायची जागा असलेल्या बोर्डाला सारखी अदलाबदल करावी लागते. १९८०मध्ये रिचर्ड ब्रेंट यांनी सुचवलेली सुधारणा इथे मला जास्त पटते. तिच्यात कासव चालतच नाही. ते एका क्रमांकावर थांबून राहतं आणि ससा एकेक पाऊल टाकत पुढे जातो. १, मग २, मग ४, मग ८ अशी दुप्पट होत जाणारी पावलं झाली की कासवाला उचलून सशाच्या जागी ठेवायचं. आपल्या फोल्डरमध्ये कासव ५, ९, ७ आणि २१वर थांबतं, आणि २१वरून निघालेला ससा पाच पावलांत पुन्हा २१वर येतो. तक्ता १२ वेळा वाचला, फ्लॉइडच्या पहिल्या टप्प्यात तो १५ वेळा वाचावा लागला होता. शिवाय चक्राची लांबी पाच आहे हेही आपसूक कळलं.

लिनक्सचा फॅट वाचणारा भाग यातलं काहीच करत नाही. तो पावलं मोजतो, आणि सर्वांत मोठ्या फाइललाही लागणार नाहीत इतकी पावलं झाली की `detected the cluster chain loop` असा संदेश देऊन थांबतो. क्लस्टर ४ किलोबाइटचा असेल तर ही मर्यादा साडेदहा लाखांच्या आसपास येते. कमाल लांबी माहीत असेल आणि यंत्र वेगवान असेल, तर हा साधा हिशेब पुरतो. चक्र नेमकं कुठे सुरू होतं ते मात्र त्यातून समजत नाही.

दोन पॉइंटरच्या रीतीलाही एक गोष्ट दिसत नाही. दोन वेगवेगळ्या फाइलींच्या साखळ्या एकाच क्लस्टरवर येऊन मिळाल्या, तर दोन्हींना शेवट असतो आणि ससा दोन्हींत सुखरूप पोहोचतो. ती चूक पकडायला प्रत्येक क्लस्टरचा मालक नोंदवावाच लागतो, आणि संगणकावरचे दुरुस्तीचे प्रोग्राम तेच करतात.

आपल्या फोल्डरची दुरुस्ती करताना २१च्या रकान्यात समाप्तीची खूण लिहिली जाते, कारण तिथे ४० होतं हे आता कोणालाच ठाऊक नसतं. फोल्डर पुन्हा उघडतो, पण ४०मध्ये ज्यांची नावं होती ते फोटो यादीतून गेलेले असतात. त्यांच्या साखळ्या शाबूत असतात, फक्त बेवारस. विंडोजचा `chkdsk` त्या गोळा करून `FILE0000.CHK`, `FILE0001.CHK` अशा नावांनी ठेवतो. त्या पुसून टाकण्याआधी एखादीचं नाव बदलून शेवटी `.JPG` लावून पाहावं; बहुतेकदा फोटो उघडतो.