उष्णता पंप, द्विस्रोती : निवासी इमारतीसाठी क्षमतानिश्चिती

बाहेरील हवा, जमीन वा पाणी यांतील कमी तापमानाची उष्णता यांत्रिक कार्य खर्चून जास्त तापमानाला आणणाऱ्या यंत्रास उष्णता पंप म्हणतात. खोलीतील वातानुकूलक ज्या चक्रावर चालतो तेच चक्र येथे उलट हेतूने वापरलेले असते. बाष्पकात प्रशीतक द्रव बाहेरच्या हवेतील उष्णता घेऊन बाष्परूप होतो, संपीडक त्याचा दाब व तापमान वाढवितो आणि संघनकात तो आपली उष्णता तापन मंडलातील पाण्यास देतो. या पंपाच्या जोडीला इंधनावर चालणारा बॉयलर ठेवून दोहोंनी मिळून इमारत उबदार राखण्याच्या पद्धतीस द्विस्रोती तापन म्हणतात. यूरोपात तिला ‘बायव्हॅलंट’ असे नाव आहे. १९७३ च्या खनिज तेल संकटानंतर जर्मनीत तेलावरील जुने बॉयलर न काढता त्यांना पंप जोडण्याची पद्धत पुढे आली. आता जुन्या बहुमजली निवासी इमारतींच्या नूतनीकरणात तिचा पुन्हा विचार होत आहे.

हा विषय मुख्यतः एका विसंगतीतून उद्‌भवतो. बाहेर थंडी वाढते तसतशी इमारतीची उष्णतेची गरज वाढते. परंतु हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपाची क्षमता त्याच वेळी घटत जाते. केवळ पंपावर विसंबावयाचे झाल्यास त्याचा आकार वर्षातील अगदी थोड्या तासांसाठी ठरवावा लागतो. ते थोडे तास बॉयलरवर सोपविले, तर पंप किती लहान चालेल, हा क्षमतानिश्चितीतील मूळ प्रश्न होय. पुढील विवेचनासाठी बर्लिन येथील २४ सदनिकांची व १,५०० चौ. मी. तापित क्षेत्रफळाची एक इमारत उदाहरण म्हणून कल्पिली आहे.

उष्णताभार : जुन्या बॉयलरच्या पाटीवरील आकडा हा भार समजणे ही नेहमी आढळणारी चूक होय. उदाहरणातील बॉयलर १८० किवॉ. क्षमतेचा आहे, परंतु जुने बॉयलर बहुधा गरजेपेक्षा बरेच मोठे बसविलेले असतात, शिवाय नंतर बदललेल्या खिडक्या व छताचे उष्णतारोधन यांमुळे गरज आणखी घटलेली असते. डीआयएन ईएन १२८३१ या मानकानुसार खोलीवार गणित करून भार काढणे ही अधिकृत रीत असून इंधनाच्या खपावरून त्याची पडताळणी करता येते. या इमारतीत वर्षाला २,३०,००० किवॉ. तास इतक्या ऊर्जेचा नैसर्गिक वायू जळतो. बॉयलरची वार्षिक कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास उपयुक्त उष्णता सु. १,९५,००० किवॉ. तास होते. तीतून गरम पाणी व त्याच्या अभिसरणातील व्यय यांचे ४५,००० वजा जाता इमारतीच्या तापनासाठी १,५०,००० किवॉ. तास उरतात.

बाहेरचे तापमान १५° से.च्या वर गेल्यावर तापन बंद होते असे मानू. वर्षभरातील प्रत्येक तासाला तापमान या मर्यादेच्या किती अंश खाली होते त्याची बेरीज सु. ५०,००० अंश-तास धरल्यास, तापमान १ अंशाने उतरले की गरज ३ किवॉ. ने वाढते असे दिसते. हिशेबासाठी सर्वांत कमी तापमान −१२° से. घेतल्यास कमाल भार २७ × ३ = ८१ किवॉ. येतो. तो पाटीवरील आकड्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

द्विस्रोत तापमान : पंपाच्या क्षमतेचा आकडा कोणत्या तापमानांचा आहे हे पाहिल्यावाचून त्यास अर्थ नसतो. विचारात घेतलेला पंप बाहेर ७° से. असताना ५९ किवॉ. उष्णता देतो, −२° से.ला ती ५०, −७° से.ला ४५ व −१२° से.ला ४० किवॉ. होते. हे आकडे पुरवठ्याच्या पाण्याच्या अपेक्षित तापमानाचे असावेत व बाष्पकावर साचणारा बर्फ वितळविण्यात जाणारी उष्णता त्यांतून वजा केलेली असावी. आलेखावर इमारतीच्या गरजेची रेषा थंडीकडे चढत जाते आणि पंपाच्या क्षमतेची रेषा उतरत जाते. त्या जेथे छेदतात त्या तापमानास द्विस्रोत तापमान म्हणतात. −२° से.ला इमारतीची गरज १७ × ३ = ५१ किवॉ. असल्याने येथे हे तापमान सु. −२° से. आहे. त्याच्या वर पंप एकटा पुरा पडतो, खाली बॉयलर लागतो.

पंपानेच पाणीही तापवावयाचे असल्यास वर्षाच्या सरासरीने सु. ५ किवॉ. भार वाढतो व छेदनबिंदू जवळजवळ ०° से.वर सरकतो. जर्मनीत अशा मोठ्या इमारतींतील साठ्याचे पाणी लीजनेला जंतूंच्या प्रतिबंधासाठी ६०° से.वर राखावे लागते. म्हणून पंपाने पाणी काही अंशी तापवून शेवटचे अंश बॉयलरने चढविणे सोयीचे पडते. पुढील हिशेब मात्र केवळ तापनाचा आहे.

कार्यपद्धती : समांतर पद्धतीत द्विस्रोत तापमानाखाली पंप चालूच राहतो व बॉयलर फक्त उणीव भरून काढतो. पर्यायी पद्धतीत त्या तापमानाला पंप थांबतो आणि सर्व भार बॉयलर उचलतो. अंशतः समांतर पद्धतीत काही अंशांपर्यंत दोन्ही चालतात व त्याखाली बॉयलर एकटा चालतो. समजा, वर्षातील ४०० तास तापमान −२° से.च्या खाली असून त्या काळातील सरासरी −५° से. आहे. तेव्हा गरज सरासरीने ६० किवॉ., म्हणजे एकूण २४,००० किवॉ. तास होईल. पर्यायी पद्धतीत ही सर्व उष्णता, म्हणजे वार्षिक गरजेच्या १६ टक्के, बॉयलरकडे जाते. समांतर पद्धतीत पंप ४७ किवॉ. देतच असल्याने बॉयलरकडे १३ किवॉ. प्रमाणे ५,२०० किवॉ. तास, म्हणजे सु. ३·५ टक्केच येतात.

अशा प्रकारे कमाल भाराच्या निम्मी क्षमता असलेला पंप समांतर पद्धतीत वर्षाच्या उष्णतेपैकी ९६ टक्क्यांहून अधिक पुरवितो. बॉयलर पूर्णपणे टाळावयाचा तर −१२° से.ला ८१ किवॉ. देणारी, म्हणजे दुप्पट यंत्रणा घ्यावी लागेल आणि तिचा वाढीव अर्धा भाग तापनासाठी फक्त ५,२०० किवॉ. तासांपुरताच उपयोगी पडेल. उलट सौम्य हवेत ती अडचणीची ठरते. बाहेर १०° से. असताना गरज केवळ १५ किवॉ. असते. पंप आपल्या क्षमतेच्या एकतृतीयांशापर्यंत मंद होऊ शकतो असे धरले, तर निवडलेला पंपसुद्धा २० किवॉ. खाली उतरत नाही. दुप्पट आकाराचा एकच पंप ४० किवॉ. च्या वरच राहील. परिणामी संपीडक वारंवार सुरू व बंद होऊन झिजतो. एका मोठ्या पंपाऐवजी दोन लहान पंप क्रमाने चालविल्यास हा दोष कमी होतो. मोठ्या पंपाला आवाजाचीही मर्यादा पडते : जर्मनीत सर्वसाधारण निवासी विभागात शेजाऱ्याच्या खिडकीपाशी रात्रीची मर्यादा ४० डेसिबेल आहे व बंदिस्त चौकात ती पाळणे कठीण जाते.

पर्यायी पद्धतीला आधार असतो तो दरांचा. विजेचा प्रति किवॉ. तास दर वायूच्या अडीच पट असून बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के असल्यास, एका किवॉ. तास विजेतून २·२५ किवॉ. तासांहून अधिक उष्णता मिळेतोवर पंप स्वस्त पडतो. कडक थंडीत हे गुणोत्तर त्याखाली जाऊ शकते. १ जानेवारी २०२४ रोजी अंमलात आलेल्या जर्मन इमारत ऊर्जा कायद्यातील सुधारणेत अशा जोडयंत्रणेतील पंपाची क्षमता उष्णताभाराच्या किमान ३० टक्के, पर्यायी पद्धतीत ४० टक्के असावी, अशी अट घालण्यात आली होती. उदाहरणातील पंप या दोन्ही अटींत बसतो.

पाण्याची जोडणी : आकार योग्य असूनही यंत्रणा फसते ती बहुधा येथे. −१२° से.ला रेडिएटरांना ६५° से.चे पाणी लागते व ते ५२° से.ला परतते असे मानू. ८१ किवॉ. उष्णता वाहून नेण्यासाठी ताशी सु. ५·४ घ. मी. पाणी फिरावे लागते. परतीचे पाणी प्रथम पंपात गेल्यास तो ४० किवॉ. देऊन ते सु. ५८·५° से.पर्यंत तापवितो आणि पुढचा बॉयलर ते ६५° से.ला नेतो. पंपाची मर्यादा ६०° से. असल्यास तो अशा थंडीतही काम करू शकतो. मात्र बॉयलरमधून निघालेले गरम पाणी एखाद्या उघड्या जोडनळीतून किंवा सामायिक टाकीतून परतीच्या पाण्यात मिसळले, तर पंपाकडे ६०° से.च्या आसपासचे पाणी येते, प्रशीतकाचा दाब मर्यादेबाहेर जातो आणि संरक्षक यंत्रणा पंप थांबविते. काही रेडिएटरांतून गरजेहून अधिक पाणी वाहत असल्यासही परतीचे तापमान असेच चढते. म्हणून प्रत्येक शाखेतील प्रवाह संतुलित करणे हे पंप बसविण्यापूर्वीचे काम होय.

दोषाची ओळख : हा बिघाड सहज लक्षात येत नाही, कारण बॉयलर संपूर्ण भार उचलू शकतो व घरे उबदारच राहतात. रहिवाशांची तक्रार येत नाही. दोष उघडकीस येतो तो वर्षअखेरीच्या देयकात. त्यामुळे पंपाच्या उष्णतेसाठी, त्याच्या विजेसाठी व बॉयलरच्या वायूसाठी स्वतंत्र मापके बसवून दरमहा नोंद ठेवावी लागते. उदाहरणातील इमारतीत तापनासाठी बॉयलरने वर्षाला सु. ५,८०० किवॉ. तास, म्हणजे साधारण ५८० घ. मी. वायू जाळणे अपेक्षित आहे. हा खप काही पटींनी वाढला किंवा बाहेर ५° से. असताना बॉयलर तापनासाठी पेटू लागला, तर त्याचे कारण कमी पडलेला पंप नसून बहुतेक वेळा चुकीची जोडणी वा नियंत्रकावर फार वर ठेवलेले द्विस्रोत तापमान हे असते. अशा वेळी मोठा पंप बसविण्याआधी पंपाकडे येणाऱ्या पाण्याचे तापमान, पंप दिवसातून किती वेळा सुरू होतो त्याची संख्या आणि नियंत्रकावरील तापमान ही तीन माने तपासणे आवश्यक असते.