उत्तर कधी वाटेतच मागे राहते

मुंबईहून पुण्याकडे निघालेली गाडी सीएसएमटीपासून ११० किलोमीटरवर, भोर घाटात उभी आहे. तिला सर्वांत जवळचे मोठे स्टेशन कोणते? मार्गावरची सात स्टेशने आणि त्यांची साधारण अंतरे घेऊ: दादर ९, ठाणे ३४, कल्याण ५४, नेरळ ८७, कर्जत १००, लोणावळा १२८ आणि पुणे १९२. सातच आकडे असले तर माणूस नुसत्या नजरेने उत्तर देईल. आकडे दहा लाख असले, तर संगणकानेही एकेक तपासत बसणे परवडत नाही. अशा वेळी ‘बायनरी सर्च ट्री’ कामी येते.

हे झाड उलटे असते, मूळ वर आणि फांद्या खाली. आपल्या सात स्टेशनांत मधले नेरळ, म्हणजे ८७, मुळाशी ठेवू. त्याच्या डाव्या हाताला ३४ आणि त्याखाली ९ व ५४; उजव्या हाताला १२८ आणि त्याखाली १०० व १९२. नियम एकच: कोणत्याही आकड्याच्या डावीकडचे सगळे आकडे त्याहून लहान, उजवीकडचे सगळे त्याहून मोठे.

आता ११० घेऊन मुळापासून उतरायला लागू. ८७ पासूनचे अंतर २३. सध्या हेच सर्वांत कमी, म्हणून ८७ लक्षात ठेवायचे. ११० मोठा आहे, म्हणून उजवीकडे वळायचे. तिथे १२८, अंतर १८. हे आधीपेक्षा कमी, म्हणून आता १२८ लक्षात ठेवायचे. ११० त्याहून लहान, म्हणून डावीकडे. तिथे १००, अंतर १०. पुन्हा उजवीकडे जावे तर तिथे काहीच नाही. उत्तर कर्जत. गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने लावतात, तेच हे कर्जत.

या उतरणीत ठाणे, दादर, कल्याण आणि पुणे यांच्याकडे कोणी पाहिलेच नाही. तरीही उत्तर चुकण्याची भीती नाही. ८७ च्या डावीकडचे सगळे ८७ हून लहान आहेत आणि ११० तर ८७ च्याही पुढे आहे. मग त्यांतला प्रत्येक आकडा ११० पासून ८७ पेक्षा लांबच असणार. ८७ एकदा तपासला की ती आख्खी बाजू निर्धास्तपणे सोडून देता येते. या पद्धतीचे सगळे बळ या एका तर्कात आहे, आणि तो कळला की बाकीचे पाठ करावे लागत नाही.

शिकाऊ मुले चुकतात ती पुढच्या टप्प्यावर. झाडाच्या तळाशी जो आकडा भेटला तोच उत्तर, असे ती धरून चालतात. गाडी ९० किलोमीटरवर आहे असे समजा. वाट पुन्हा तीच: ८७, मग १२८, मग १००. शेवटी १०० भेटला, त्याचे अंतर १०. पण अगदी पहिल्याच पावलाला भेटलेला ८७ फक्त ३ किलोमीटरवर होता! म्हणून वाटेतला सर्वोत्तम आकडा जपत खाली जायचे असते.

```python
def closest(node, target):
    best = node.key
    while node:
        if abs(node.key - target) < abs(best - target):
            best = node.key
        if target < node.key:
            node = node.left
        else:
            node = node.right
    return best
```

झाड रिकामे असेल तर ही कृती पहिल्याच ओळीत अडखळेल, तेव्हा ते आधी तपासून घ्यावे. दुसरी पेचाची जागा बरोबरीची. ११४ पासून १०० आणि १२८ दोन्ही १४ वर आहेत. वरच्या कृतीत `<` असल्यामुळे आधी भेटलेला १२८ टिकतो. तिथे `<=` लिहिले तर १०० येतो. बरोबरीत कोणाला झुकते माप द्यायचे हे आधी ठरवावे, नाहीतर झाडाची मांडणी बदलली की उत्तरही बदलेल.

वेग मात्र झाडाच्या उंचीवर अवलंबून आहे. हीच स्टेशने मुंबईपासून ओळीने एकामागून एक घातली, तर प्रत्येक नवे स्टेशन आधीच्याच्या उजवीकडे जाते आणि झाडाची नुसती साखळी होते. पुण्यापर्यंत पोचायला मग सातही पाहावी लागतात. आकडे भरताना झाडाचा तोल आपोआप सावरण्याची पद्धत १९६२ मध्ये सोव्हिएत संघातल्या अॅडेल्सन-वेल्स्की आणि लँडिस यांनी मांडली. त्यांच्या झाडात दहा लाख आकडे असले तरी खोली २८ पातळ्यांच्या पुढे जात नाही.

हे सगळे एकाच रेषेवरच्या मोजमापाला लागू आहे. अक्षांश आणि रेखांश या दोन आकड्यांनी सांगितलेल्या जागेसाठी, एकाच आकड्यावरून एक बाजू सोडून देण्याचा हा तर्क टिकत नाही. सोडलेल्या बाजूलाच खरे जवळचे ठिकाण असू शकते. त्यासाठी जॉन बेंटली यांनी १९७५ मध्ये ‘के-डी ट्री’ मांडले. त्यात कधी कधी मागे फिरून दुसरी फांदीही पाहावी लागते.