दोन भोकं आणि आतली पोकळी

सकाळच्या फेरीत एका मोठ्या भटक्या कुत्र्याने चार किलोच्या स्पिट्झला पाठीवर धरलं, दोन-तीन झटके दिले आणि सोडून दिलं. आजोबा त्याला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात घेऊन आले. "डॉक्टर, फार काही नाही, दोनच भोकं आहेत. हळद भरलीय. टाका घालायचा तर घाला, नाहीतर इंजेक्शन द्या, आम्ही जातो." रक्तही बेताचंच होतं. चावलेल्या जखमा रोज बघणाऱ्याला अशा वेळी जास्त धास्ती वाटते.

कुत्र्याची कातडी मानेवर आणि पाठीवर किती सैल असते, ते चिमटीत धरून बघा. ती खालच्या स्नायूंवरून सहज सरकते. सुळा एकदा आत रुतला आणि हल्ला करणाऱ्याने डोकं झटकलं की कातडी सुळ्याबरोबर हलते, त्यामुळे तिला फक्त टोचल्याएवढं भोक पडतं. खालचे स्नायू मात्र जागचे हलत नाहीत. त्यांच्यातून तोच सुळा नांगराच्या फाळासारखा फिरतो. जुन्या गोधडीला आकडा अडकून ओढला गेला तर वरच्या कापडाला बारीक छिद्र दिसतं आणि आतले थर उसवलेले असतात, तसंच हे. भरीला जबड्याचा दाब असतो. त्याने मांस चिरडतं आणि कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक नसा तुटतात. कातडी खालून सुटून मध्ये पोकळी तयार होते. त्या पोकळीत केस, माती आणि तोंडातले जंतू गेलेले असतात आणि वरचं भोक एक-दोन दिवसांत मिटून जातं. चिरडलेलं मांस, साचलेलं रक्त आणि बंद झालेलं तोंड, जंतूंना याहून सोयीची जागा नाही.

चिमुकल्या कुत्र्याला मोठ्याने उचलून झटकलं असेल तर भोकांकडे नंतर बघायचं, आधी श्वासाकडे. फासळ्या मोडलेल्या असतात, फुप्फुसाभोवती हवा साचलेली असते, पोटाची भिंत आतून फाटलेली असते आणि बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. आमच्या स्पिट्झच्या हिरड्या फिकट होत्या, श्वास भरभर चालला होता. ऑक्सिजन, वेदनाशामक आणि सलाईन देऊन तो स्थिर झाल्यावर एक्स-रे काढला. फासळ्या शाबूत होत्या. मात्र कातडीखाली काळे पट्टे दिसत होते. ती भोकांतून आत शिरलेली हवा होती, म्हणजे कातडी चांगलीच सुटलेली होती.

भूल दिल्यावर पहिलं काम केस भादरण्याचं. त्याआधी भोकांत निर्जंतुक जेली भरायची, म्हणजे कापलेले केस आत न जाता जेलीला चिकटतात आणि तिच्याबरोबर धुऊन निघतात. भादरल्यावर दोनाची पाच भोकं निघाली आणि तळहाताएवढा जांभळा डाग दिसला. हे जवळजवळ नेहमीचंच आहे. दाट केसांत वरच्या सुळ्यांच्या खुणा दिसतात आणि खालच्या राहून जातात.

मग बोथट टोकाचा चिमटा एका भोकात हलकेच सरकवला. तो काही अडथळा न येता सात सेंटीमीटर आत गेला. आजोबांना मी तो तसाच दाखवला, त्यानंतर टाक्याचा विषय निघाला नाही.

भोकं जोडून कातडी उघडली. आत केसांचा गुंता, रस्त्यावरची खडी आणि करड्या रंगाचा, शिजल्यासारखा मऊ झालेला स्नायू होता. जिवंत स्नायू लालसर असतो, चिमट्याने चिमटला की आक्रसतो आणि कापला की त्यातून रक्त येतं. यातलं काही न करणारा भाग काढून टाकावा लागतो. तो ठेवून कितीही अँटिबायोटिक दिलं तरी उपयोग नसतो, कारण ज्या मांसात रक्तच पोहोचत नाही तिथे औषधही पोहोचत नाही. मग भरपूर धुणं. ५० मिलीची सिरिंज, १८ नंबरची सुई आणि लिटरभर सलाईन. त्या धारेने घाण निघते आणि चांगल्या मांसाला इजा होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, त्याने चांगल्या पेशीही मरतात.

एवढं करूनही कातडीखालची पोकळी उरलीच. टाके घालून ती पूर्ण मिटत नव्हती आणि तिच्यात पुढचे काही दिवस पाणी साचणारच होतं. ड्रेन लागतो तो इथे. मेलेलं मांस काढून झालं आहे, पण पोकळी बुजवता येत नाही, तेव्हा. पोकळी उरली नसेल तर ड्रेनची गरज नाही. उलट घाण पुरती निघालीच नसेल तर जखम उघडी ठेवून रोज पट्टी बदलणं बरं. मेलेलं मांस आत सोडून वर नळी बसवणं ही सगळ्यांत वाईट वाट, आणि तीच बऱ्याचदा धरली जाते.

आम्ही पेनरोझ ड्रेन घातला. ही रबराची मऊ, चपटी नळी असते. पाणी तिच्या पोटातून फारसं वाहत नाही, तिच्या बाहेरच्या अंगावरून खाली ओघळतं. म्हणून तिचं वरचं टोक पोकळीच्या माथ्याशी एका टाक्याने अडकवायचं आणि खालचं टोक कुत्रा उभा असताना सर्वांत खाली येणाऱ्या जागी, स्वतंत्र छेदातून बाहेर काढायचं. मुख्य टाक्यांमधून ती काढली तर टाके ओले राहतात आणि उसवतात. जखम छातीच्या आत गेली असेल तर ही नळी चालत नाही, तिच्या वाटेने हवा आत ओढली जाते. पोकळी फार मोठी असेल तर पाणी खेचून घेणारा, डब्याला जोडलेला बंद ड्रेन बरा. त्यात रोज किती पाणी निघालं हे मोजता येतं.

ड्रेन हीसुद्धा बाहेरून आत जाणारी जंतूंची वाटच आहे. म्हणून टोकावर स्वच्छ पट्टी, कुत्र्याच्या गळ्यात कॉलर, आणि काम झालं की नळी बाहेर. साधारण तीन ते पाच दिवस. नळीच्या नुसत्या असण्यानेही थोडं पाणी सुटतच राहतं, त्यामुळे अगदी कोरडं होण्याची वाट बघायची नसते. स्पिट्झची पट्टी पहिल्या दिवशी दोनदा लालभडक भिजली. चौथ्या दिवशी तिच्यावर रुपयाएवढा फिकट डाग होता, नळी काढली. पाचव्या दिवशी टाक्यांच्या कडेला कातडीचा छोटा तुकडा काळा पडला. रक्तपुरवठा तुटलेली कातडी मेली आहे हे कळायला एवढे दिवस लागतात, म्हणून आजोबांना ही शक्यता आधीच सांगून ठेवली होती. तुकडा काढला, बाकीची जखम भरून आली.

मांजराची तऱ्हा वेगळी. त्याचे सुळे सुईसारखे, भोक तासाभरात शोधूनही सापडत नाही. तीन-चार दिवसांनी बोका खाणं सोडतो, अंग तापतं, गालावर किंवा शेपटीच्या मुळाशी गरम गोळा येतो. तो गळू. सर्वांत खालच्या बाजूला मोठंसं तोंड करून धुतला तर बहुतेकदा ड्रेनची गरज पडत नाही.

हल्ला करणारं कुत्रं अनोळखी असेल तर रेबीजचा विचार त्याच दिवशी करायचा. आपल्या प्राण्याला आधीची लस असली तरी डॉक्टरांना विचारून पुन्हा द्यायची. भांडण सोडवताना तुम्हाला दात लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि लगेच स्वतःच्या डॉक्टरांकडे जा.

आणि भोकात हळद भरू नका, ती आम्हाला आधी उपसावी लागते. घरातली वेदनाशामक गोळीही देऊ नका, मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जीवघेणी ठरते. स्वच्छ कापड झाका आणि भोक कितीही बारीक असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.